हँगओव्हर नेमका कशामुळे होतो, आणि सकाळचा 'उतारा' खरंच उतरवतो का?

नगर-पुणे रस्त्यावरच्या केडगावमध्ये कुणाच्या हळदीच्या किंवा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठा. एखादा तरी मित्र डोकं धरून ओट्यावर बसलेला दिसेल. मग सल्ले सुरू होतात. एक जण लिंबू पाणी आणतो, दुसरा म्हणतो काळी कॉफी घे, तिसरा झणझणीत मिसळ सुचवतो. शेवटी एखादा अनुभवी माणूस हळूच म्हणतो, "अरे, एक छोटा पेग मार, उतारा होईल."

यातलं काय खरं आणि काय नुसती ऐकीव गोष्ट? हँगओव्हरवर गेल्या काही वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. त्यातून एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं कारण, 'अंगातलं पाणी कमी झालं', हे अर्धंच खरं आहे. आणि सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला, म्हणजे उतारा, हाच सगळ्यात फसवा आहे.

आधी रात्रीचा हिशेब करू

समजा, एक माणूस आहे, वजन 70 किलो. रात्री 9 वाजता बसला आणि 12 पर्यंत दीड क्वार्टर व्हिस्की संपवली, म्हणजे 270 मिली. सकाळी 7 वाजता त्याला बाईकवरून कंपनीत शिफ्टला जायचं आहे.

आपल्याकडच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे 30 मिलीच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 270 मिली म्हणजे 9 पेग, म्हणजे सुमारे 90 ग्रॅम.

हे अल्कोहोल संपवायचं काम मुख्यतः यकृताचं. यकृताचा वेग जवळपास ठरलेला असतो. या वजनाच्या माणसाचं यकृत तासाला साधारण 7 ग्रॅम अल्कोहोल संपवतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. जास्त प्यायलात म्हणून ते जास्त जोरात काम करत नाही.

रात्री 9 पासून सकाळी 7 पर्यंत 10 तास झाले. 10 तासांत 70 ग्रॅम संपलं. उरलं 20 ग्रॅम, म्हणजे दोन पेग. हा माणूस झोपून उठला आहे, आंघोळ केली आहे, चहा घेतला आहे, तरी त्याच्या अंगात अजून दोन पेग आहेत. रक्तातलं प्रमाण काढलं तर ते 100 मिलीला 40 मिलीग्रॅमच्या आसपास येतं. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा 30 आहे. म्हणजे रात्री न चालवता झोपलेला हा माणूस सकाळी कायद्याच्या दृष्टीने 'दारू पिऊन गाडी चालवणारा' ठरू शकतो. त्याची रक्तातली दारू पूर्ण संपायला सकाळचे 10 वाजतील.

हा हिशेब ढोबळ आहे. पोटात जेवण किती होतं, वजन किती, पुरुष की स्त्री, यावर आकडे बदलतात. त्याच वजनाच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त होतं. पण हिशेबाची पद्धत तीच राहते: पेग मोजा, 10 ने गुणा, 7 ने भागा. उत्तर येईल तेवढे तास, पिणं सुरू केल्यापासून.

आता गंमत बघा. हँगओव्हर सगळ्यात जोरात असतो तो रक्तातली दारू शून्याजवळ येते तेव्हा. म्हणजे आपल्या या माणसाला 7 वाजता जरा बरं वाटेल आणि 10-11 वाजता, मशीनपुढे उभा असताना, खरा त्रास सुरू होईल. दारू अंगातून गेल्यावर त्रास का वाढतो, हाच हँगओव्हरचा मुख्य प्रश्न आहे.

पाणी कमी पडतं, पण दोष सगळा त्याचा नाही

दारू प्यायल्यावर लघवीला वारंवार जावं लागतं. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं एक संप्रेरक निघतं, ते मूत्रपिंडांना 'पाणी धरून ठेवा' असा निरोप देतं. दारू हा निरोपच अडवते, म्हणून पाणी बाहेर जातं. सकाळी तोंड कोरडं पडणं, तहान लागणं, उठल्यावर गरगरणं, यामागे हे कारण आहे.

म्हणून लोक पाण्याचे तांबे रिचवतात, शहाळं पितात, ओआरएस घेतात. तहान भागते, तोंड ओलं होतं. पण डोकेदुखी, मळमळ आणि सुन्नपणा मात्र बराच वेळ तसाच राहतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातले योरिस फेर्स्टर आणि त्यांचे सहकारी हँगओव्हरवर अनेक वर्षं काम करत आहेत. पाण्याविषयीचे जुने-नवे अभ्यास तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला की पाण्याची कमतरता आणि हँगओव्हर या एकाच वेळी होणाऱ्या, पण वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक दुरुस्त केली म्हणून दुसरी जात नाही.

पाणी प्यायचंच आहे, कारण तहान खरी आहे. पण 'रात्री दोन ग्लास पाणी पिऊन झोपलो की सकाळी काही होणार नाही' ही खात्री चुकीची आहे.

मग खरं कारण काय?

एकच कारण नाही. तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे शरीराला आलेली सूज. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं ॲसिटेट. ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ आहे, आणि बरीच वर्षं हँगओव्हरचं खापर त्याच्यावरच फुटत होतं. पण हँगओव्हर ऐन भरात असतो तेव्हा रक्तात ते जवळपास उरलेलंच नसतं. त्यामुळे आता संशोधकांचं लक्ष वेगळीकडे आहे. दारू पचवताना शरीरात जी झीज होते, तिला आपली प्रतिकारशक्ती एखाद्या संसर्गासारखं उत्तर देते. रक्तात सायटोकाइन नावाचे, सूज आणणारे निरोप वाढतात. तापात जसं अंग दुखतं, खाणं नको वाटतं, कशात लक्ष लागत नाही, तसंच हँगओव्हरमध्ये होतं. ताप नसताना तापासारखं वाटतं, ते म्हणूनच.

दुसरी गोष्ट झोप. दारूने पटकन डोळा लागतो, पण रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात झोप तुटत राहते. आठ तास पडून राहिलात तरी झोप पुरेशी होत नाही.

तिसरी गोष्ट दारूतली 'इतर' रसायनं. गडद रंगाच्या दारूत आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरवताना अनेक जोड-रसायनं येतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या डमारिस रोझेनॉव्ह यांच्या गटाने 2010 मध्ये बोर्बन व्हिस्की आणि व्होडका यांची तुलना केली. बोर्बनमध्ये अशी रसायनं व्होडकापेक्षा 37 पट होती, आणि बोर्बन पिणाऱ्यांना सकाळी त्रासही जास्त जाणवला. पण लक्ष आणि प्रतिक्रियेच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच मागे पडले. म्हणजे 'पांढरी' घेतली तर डोकं कमी दुखेल कदाचित, पण गाडी चालवायला तुम्ही जास्त योग्य होत नाही.

आणि 'बिअरवर व्हिस्की नको' या समजुतीचं काय? 2019 मध्ये जर्मनीत 90 जणांवर एक प्रयोग झाला. काहींना आधी बिअर मग वाइन दिली, काहींना उलट. क्रमाने हँगओव्हरमध्ये काहीही फरक पडला नाही. किती चढली आणि उलटी झाली का, यावरून मात्र सकाळच्या त्रासाचा अंदाज बांधता आला.

आता उताऱ्याकडे येऊ

सकाळी एक पेग घेतला की बरं वाटतं, असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. काही वेळ खरंच बरं वाटतं. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

वर ज्या जोड-रसायनांचा उल्लेख आला, त्यातलं एक मिथेनॉल. कायदेशीर दारूतही ते अगदी किंचित असतं. मिथेनॉल आणि नेहमीचं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, या दोघांना यकृतातलं एकच एन्झाइम फोडतं. त्या एन्झाइमला इथेनॉल जास्त आवडतं. त्यामुळे इथेनॉल संपेपर्यंत मिथेनॉल रांगेत थांबून राहतं. सकाळी इथेनॉल संपलं की मिथेनॉलचा नंबर लागतो. त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड होतं. दोन्ही विषारी.

उताऱ्यामागचा तर्क इथे आहे. नवा पेग घेतला की एन्झाइम पुन्हा इथेनॉलच्या मागे लागतं आणि मिथेनॉल परत रांगेत जातं. शिवाय नव्या पेगची गुंगी डोकेदुखी दाबते. पण रांग संपलेली नसते, लांबलेली असते. यकृताला पचवायला आणखी 10 ग्रॅम मिळाले, आपल्या हिशेबात आणखी दीड तास. हँगओव्हर 10 वाजता यायचा तो साडेअकराला येतो.

उताऱ्याने हँगओव्हर बरा होतो असं दाखवणारा एकही भरवशाचा प्रयोग नाही. उलट एक वेगळाच धोका आहे. रोज पिणाऱ्या माणसाला सकाळी हात कापणं, घाम फुटणं, छातीत धडधडणं असा त्रास होतो आणि पेग घेतल्यावर तो थांबतो. हा हँगओव्हर नव्हे, दारू सुटल्यावर शरीर करत असलेली मागणी आहे. सकाळी पेगशिवाय हात स्थिर होत नसतील, तर व्यसन जडल्याची ती खूण आहे. अशा माणसाने एकदम दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

पांगरमल का आठवायचं?

मिथेनॉलचा हा मुद्दा नगरकरांसाठी पुस्तकातला नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातल्याच पांगरमल गावात पार्टी झाली. तिथे दिलेली बनावट दारू पिऊन अनेकांचा जीव गेला. त्याआधी जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने 100 हून अधिक माणसं दगावली होती.

अशा घटनांत माणसं दवाखान्यात उशिरा का पोहोचतात? कारण सुरुवात अगदी हँगओव्हरसारखी असते. मिथेनॉल प्यायल्या प्यायल्या काही होत नाही. फॉर्मिक ॲसिड साचायला वेळ लागतो, बहुतेकदा 12 ते 24 तास. सोबत साधी दारू असेल तर आणखी उशीर होतो. रात्री प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय, मळमळतंय, पोट दुखतंय म्हणतो. घरचे म्हणतात, "जास्त झाली असेल, झोपू दे." आणि तो झोपतो.

फरक ओळखायच्या तीन खुणा आहेत.

डोळे. हँगओव्हरमध्ये उजेड नकोसा वाटतो, पण दिसतं नीट. समोर धुकं आल्यासारखं, पांढरं पांढरं दिसत असेल किंवा कमी दिसत असेल, तर फॉर्मिक ॲसिड डोळ्याच्या नसेवर काम करत आहे असं समजा.

श्वास. रक्तात आम्ल वाढलं की शरीर ते बाहेर टाकायला जोरजोरात, खोल श्वास घेऊ लागतं. धावून आल्यासारखी धाप लागली असेल, तर तो हँगओव्हर नाही.

घड्याळ. हँगओव्हर दुपारनंतर हळूहळू ओसरतो. दुपारनंतर त्रास वाढतच गेला किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर थांबू नका.

यातली एकही खूण दिसली तर 108 ला फोन करा आणि जिथे आयसीयू आणि डायलिसिस आहे अशा मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत बाटली किंवा उरलेली दारू घेऊन जा आणि काय, किती, किती वाजता प्यायलं ते स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवू नका. त्याच बाटलीतून प्यायलेल्या बाकीच्यांनाही निरोप द्या, त्यांना काही होत नसलं तरी.

आता एक विचित्र गोष्ट. मिथेनॉलच्या विषबाधेवर रुग्णालयात फोमेपिझोल नावाचं औषध देतात, आणि ते नसेल तर चक्क इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोलच देतात. एन्झाइम अडवायचं तेच तत्त्व. मग घरी पेग द्यायला काय हरकत? हरकत ही की रुग्णालयात रक्तातलं प्रमाण मोजून, तासातासाने, मोजका डोस देतात, आणि अडवून ठेवलेलं मिथेनॉल डायलिसिसने बाहेर काढतात. घरच्या पेगने विष बाहेर जात नाही. वर माणूस गुंगीत जातो आणि लक्षणं झाकली जातात. त्यात गेलेल्या चार तासांची किंमत डोळे किंवा जीव असू शकते.

बाकीच्या उपायांची परीक्षा

2005 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हँगओव्हरच्या उपायांवरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र तपासले गेले. निष्कर्ष: खात्रीने चालणारा एकही उपाय नाही. 2022 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी पुन्हा तपासणी केली. या वेळी 21 प्रयोग सापडले, त्यांत मिळून 386 माणसं. लवंगेचा अर्क, टोल्फेनामिक ॲसिड हे वेदनाशामक आणि पायरिटिनॉल हे औषध, या तिघांनी थोडा फायदा दिसला. पण प्रयोग छोटे होते, पुराव्याचा दर्जा फार कमी होता आणि एकाच उपायाची दोन गटांनी स्वतंत्रपणे खात्री केली आहे असं एकदाही झालं नव्हतं.

लगेच लवंगा चघळू नका. प्रयोगात ठरावीक प्रमाणात काढलेला अर्क होता, डब्यातली लवंग नव्हे.

आता आपल्या ओट्यावरचे सल्ले.

काळी कॉफी: झोप उडते, पण यकृताचा 7 ग्रॅमचा वेग बदलत नाही. 'कॉफी घेतली, आता चालवतो' हा त्यामुळे धोक्याचा सल्ला. रोजची सवय असेल तर मात्र एक कप घ्या. तो चुकला की त्याची वेगळी डोकेदुखी सुरू होते.

लिंबू पाणी, ताक, शहाळं: पाणी, थोडं मीठ, थोडी साखर मिळते. तहान आणि अशक्तपणा कमी होतो. हँगओव्हर उतरत नाही, पण नुकसानही नाही.

मिसळ किंवा झणझणीत रस्सा: दारूने पोटाच्या अस्तराची आधीच आग झालेली असते, त्यावर तिखट तेलाची तर्री. मळमळत असेल तर मऊ भात, खिचडी किंवा पेज जास्त बरी.

उलटी काढणं: सकाळपर्यंत दारू पोटात उरलेलीच नसते, त्यामुळे उपयोग शून्य. गुंगीत असलेल्या माणसाला उलटी करायला लावली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर झोपवा आणि एकटं सोडू नका.

डोकेदुखीची गोळी: इथे जपून. पॅरासिटामॉलचा भार यकृतावरच येतो, आणि रोज किंवा खूप पिणाऱ्याचं यकृत त्याला आधीच कमी तोंड देऊ शकतं. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आग झालेल्या पोटात रक्तस्राव करू शकतात. रात्री झोपताना 'आधीच घेऊन ठेवतो' म्हणून तर कोणतीच गोळी घेऊ नका. ॲसिडिटी, यकृताचा आजार किंवा रोजचं पिणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. दारू पचवत असताना यकृत रक्तात साखर सोडायचं काम मागे ठेवतं. उपाशी झोपलात तर पहाटे साखर घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं हँगओव्हरसारखीच दिसतात. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा, नसेल तर शुद्धीत असलेल्या माणसाला आधी साखरेचं पाणी द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्या.

मग चालतं काय?

सकाळी चालतं ते एकच, वेळ. रात्री मात्र तीन गोष्टी खरंच फरक पाडतात. आधी पोटभर जेवा, कारण भरल्या पोटी दारू रक्तात हळूहळू जाते आणि एकदम उंच चढत नाही. चकणा म्हणजे जेवण नव्हे. दुसरं, तासाला एकाच पेगवर थांबता आलं तर यकृत फार मागे पडत नाही. तिसरं, पेग मोजा. नवव्या पेगचा हँगओव्हर टाळायची सोपी जागा चौथ्या पेगनंतर असते, सकाळी मेडिकलच्या दुकानात नाही. सीलबंद आणि खात्रीच्या दुकानातली नसलेली, कुणीतरी फुकट वाटलेली बाटली तर हातातच घेऊ नका.

आणि आपला तो सकाळी 7 च्या शिफ्टचा माणूस? त्याने बाईकला किल्ली लावू नये. दुसऱ्या शिफ्टला बदली मिळते का बघावं किंवा कुणाच्या तरी मागे बसून जावं, आणि मशीनवर उभं राहण्याआधी सुपरवायझरला तब्येत बरी नसल्याचं सांगावं.

ही सकाळ घरात वारंवार येत असेल, हात कापल्याशिवाय दिवस सुरू होत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठीच्या 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करतं. नगरहून ते दोन-तीन तासांवर आहे.